धूळपाटीवरून कागदावर: शून्याचा प्रवास आणि व्यापाऱ्याची वही

प्रश्न: भारतात शून्य सापडलं आणि जगाचा व्यापार बदलला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण रोमन लोक शून्याशिवाय एवढं मोठं साम्राज्य चालवत होतेच ना? मग हे अंक एका संस्कृतीतून दुसरीकडे नेमके कसे गेले, आणि हिशेबात खरा फरक कुठे पडला?

सुरुवात जुन्नरजवळच्या नाणेघाटापासून करते. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून देशावर येणारा माल या घाटाने चढायचा. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत, आणि काही आकडे हजारांच्या घरात जातात. त्यात शून्य नाही. सतराशे लिहायचे तर आधी हजाराचं चिन्ह येतं, मग सातशेचं. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. चिन्ह कुठल्या जागी बसलं आहे यावर त्याची किंमत ठरत नाही.

म्हणजे बंदर, घाट, नाणी आणि मोठे आकडे हे सगळं शून्याच्या आधीचं आहे, आणि ते नीट चालत होतं. रोममध्येही तेच. याचं कारण असं की लिहिण्याची पद्धत आणि मोजण्याची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. हिशेब व्हायचा पाटावर. पाटावर रकाने आखलेले असत, त्यांत खडे किंवा सोंगट्या मांडायच्या: एका रकान्यात एकं, पुढच्यात दहं, त्याच्या पुढच्यात शतं. उत्तर आलं की ते आकड्यांत वहीत उतरवायचं आणि सोंगट्या आवरायच्या. पाटावर स्थानमूल्य आधीपासूनच होतं. दोनशे पाच मांडायचे तर शतंच्या रकान्यात दोन सोंगट्या, एकंच्या रकान्यात पाच, आणि दहंचा रकाना मोकळा. तो मोकळा आहे हे डोळ्यांना दिसतं, त्यासाठी चिन्ह लागत नाही. चीनमध्ये हेच काम मोजणीच्या काड्या करत होत्या, तिथेही रिकामी जागा रिकामीच ठेवत.

चिन्हाची गरज पडते ती रकान्यांच्या रेघा पुसल्यावर. रेघा नसतील तर दोन आणि पाच यांच्यामध्ये एक घर रिकामं आहे हे कळणार कसं? शून्य ही त्या रिकाम्या घराची लेखी नोंद. हे ध्यानात धरलं की पुढचा सगळा प्रवास उलगडतो.

भारतात ही जोडणी कधी झाली याचे भक्कम टप्पे आहेत. आर्यभट 499 मध्ये स्पष्ट सांगतो की एका स्थानापासून पुढचं स्थान दहापट असतं. ब्रह्मगुप्त 628 मध्ये त्याच्याही पुढे जातो. तो शून्याला संख्या मानून त्याची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांचे नियम देतो. शून्याला शून्याने भागलं तर शून्य, हा त्याचा नियम मात्र आज टिकत नाही. कोरीव पुराव्यात कंबोडियातल्या सांबोरच्या लेखात शके 605, म्हणजे इसवी सन 683, हे वर्ष मध्ये ठिपका देऊन कोरलं आहे. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या 876 च्या लेखात देवळाला दिलेल्या बागेची लांबी 270 हात आणि रोजच्या हारांची संख्या 50, हे दोन्ही आकडे आजच्यासारख्या बारीक गोल शून्यासह दिसतात. फुलबागेच्या दानपत्रात शून्य इतक्या सहज येतं, याचा अर्थ तोवर ते लोकांच्या हातात मुरलेलं होतं.

आता हिशेब प्रत्यक्ष कसा करत ते पाहू, कारण प्रवास नुसत्या अंकांचा झाला नाही, त्या अंकांनी आकडेमोड करायच्या रीतीचा झाला. संस्कृतात अंकगणिताला पाटीगणित म्हणत आणि धूलीकर्मही म्हणत. पाटी म्हणजे फळी, तिच्यावर बारीक धूळ पसरायची आणि बोटाने किंवा काडीने आकडे काढायचे. आपल्याकडे धूळपाटी आणि धुळाक्षरं हे शब्द अजून आहेत, ते याच वस्तूचे. अरबीत याच हिशेबाला धुळीचा हिशेब, ‘हिसाब अल-गुबार’, असं नाव पडलं.

मी गणिताचा इतिहास शिकवते. दरवर्षी विद्यार्थ्यांसमोर एका ताटात रांगोळी पसरते आणि कुश्यार इब्न लब्बान या इराणी गणितज्ञाने साधारण 1000 साली हिंदी, म्हणजे भारतीय, हिशेबावरच्या पुस्तकात दिलेलं उदाहरण करून घेते: 325 गुणिले 243. तुम्हीही करून पाहा.

वर 325 लिहा. खाली 243 असे लिहा की त्यातला शेवटचा 3 हा वरच्या 325 मधल्या पहिल्या 3 च्या बरोबर खाली येईल. आता वरच्या 3 ने खालच्या प्रत्येक अंकाला डावीकडून गुणत जायचं. तीन दुणे सहा: खालच्या 2 च्या वर 6 मांडा. तीन चोक बारा: खालच्या 4 च्या वर 2 मांडा आणि हातचा एक डावीकडच्या 6 मध्ये मिळवा. म्हणजे 6 पुसून तिथे 7. तीन त्रिक नऊ: ज्या 3 ने गुणत होतो तोच पुसून त्याच्या जागी 9. वरची ओळ आता 72925 झाली.

खालचे 243 पुसून एक घर उजवीकडे लिहा. आता वरच्या दहंच्या 2 ने गुणायचं. दोन दुणे चार हे हजारच्या 2 मध्ये मिळवले की 6. दोन चोक आठ हे शतंच्या 9 मध्ये मिळवले की 17, म्हणून तिथे 7 आणि हातचा गेल्यावर हजारच्या जागी 6 चे 7. दोन त्रिक सहा हे त्या 2 च्याच जागी. ओळ झाली 77765. पुन्हा एक घर सरका आणि एकंच्या 5 ने तेच करा. ओळ होते 78975. हे उत्तर.

पद्धत सुंदर आहे. जागा एका ओळीची लागते, हातचे लक्षात ठेवावे लागत नाहीत, आणि सरावलेला माणूस झपाट्याने करतो. पण शेवटी ताटात काय उरलं ते पाहा. वर 78975 आणि खाली 243. ज्या 325 ने सुरुवात केली ते नाहीसे झालेले असतात. मधली 72925 ही ओळही गेली. दरवर्षी ताटाभोवती बसलेल्यांपैकी कुणाचं तरी उत्तर चुकतं, आणि चूक कुठे झाली ते त्याला सांगता येत नाही, कारण सांगायला काही शिल्लकच नसतं. पुन्हा पहिल्यापासून करणं एवढाच मार्ग.

हेच सगळं साहित्य पश्चिमेकडे गेलं. सिरियातला विद्वान बिशप सेवेरस सेबोख्त याने 662 मध्ये हिंदूंच्या नऊ चिन्हांचं कौतुक लिहून ठेवलं आहे. त्याने नऊच म्हटली, शून्याचा उल्लेख नाही. 773 च्या सुमारास सिंधकडून गेलेल्या मंडळींबरोबर ज्योतिषगणिताचा संस्कृत ग्रंथ बगदादला खलिफा अल-मन्सूरच्या दरबारी पोचला आणि त्याचं अरबी रूपांतर झालं. 825 च्या सुमारास तिथल्याच अल-ख्वारिझ्मीने हिंदी हिशेबावर पुस्तक लिहिलं. मूळ अरबी आज मिळत नाही, बाराव्या शतकातल्या लॅटिन रूपांतरावरून ते कळतं. त्याच्या नावाच्या लॅटिन उच्चारावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. शून्य या शब्दाचं अरबीत शब्दशः भाषांतर झालं: सिफ्र, म्हणजे रिकामं.

माझ्या मते या प्रवासातलं निर्णायक वळण बगदादला नाही, दमास्कसला आहे. तिथे 952-53 मध्ये अल-उक्लिदिसीने हिंदी हिशेबावर ग्रंथ लिहिला आणि धूळपाटी सोडून द्या असा आग्रह धरला. त्याची कारणं रोजच्या जगण्यातली आहेत. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे लोक धूळपाटी वापरतात, त्यामुळे प्रतिष्ठित कारकुनाला ती घेऊन बसायची लाज वाटते. वारा आला की धूळ उडते. सारखं पुसावं लागतं. म्हणून त्याने त्याच रीती शाई आणि कागदासाठी बदलून दिल्या. कागदावर पुसता येत नाही, म्हणून मधल्या पायऱ्या बाजूला लिहाव्या लागतात. त्याला धुळीपासून सुटका हवी होती. त्यातून हाती आला तो मागे उरणारा हिशेब. बगदादमध्ये आठव्या शतकाच्या अखेरीस कागद बनू लागला होता म्हणून हे शक्य झालं. चामड्यावर कच्ची आकडेमोड कोण करणार?

युरोपात अंक पहिल्यांदा पोचले ते शून्य मागे ठेवून. 976 च्या एका स्पॅनिश हस्तलिखितात नऊ अंक आहेत, दहावं चिन्ह नाही. पुढे पोप झालेल्या गेर्बेर्टने याच सुमारास रकान्यांच्या पाटावर अंक लिहिलेल्या सोंगट्या वापरायला शिकवलं. पाच सोंगट्यांऐवजी 5 लिहिलेली एकच सोंगटी. पाट तसाच राहिला, रकाने तसेच राहिले, म्हणून शून्याचं काम पडलं नाही. या पद्धतीने फार काही बदललं नाही, आणि ते साहजिक होतं. नऊ अंक घेऊन शून्य सोडणं म्हणजे पाटाला चिकटून राहणं.

व्यापाऱ्यांपर्यंत पूर्ण पद्धत पोचवली पिसाच्या लिओनार्दोने, ज्याला आपण फिबोनाची म्हणून ओळखतो. त्याचे वडील आजच्या अल्जीरियातल्या बुजिया बंदरात पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने जकातीच्या कचेरीत काम करत होते. त्यांनी मुलाला तिथे बोलावून हिंदी हिशेब शिकवला. पुढे इजिप्त, सिरिया, ग्रीस, सिसिली असं फिरून त्याने 1202 मध्ये ‘लिबर अबाची’ लिहिलं. सुरुवातीलाच तो नऊ हिंदी अंक देतो आणि अरब ज्याला ‘झेफिरम’ म्हणतात ते चिन्ह देतो. त्याच झेफिरमचं पुढे इटालियनमध्ये ‘झेरो’ झालं. पुस्तकाचा मोठा भाग मालाच्या किमती, अदलाबदल, भागीदारी आणि नाण्यांतल्या धातूंचं मिश्रण यांचा आहे.

भागीदारीचंच एक उदाहरण मी वरच्या आकड्यांवरून रचते. एका व्यापाऱ्याने 325 लिरा 243 दिवस गुंतवले, दुसऱ्याने 400 लिरा 180 दिवस. नफा 100 लिरा झाला. वाटणी भांडवल गुणिले दिवस या प्रमाणात करायची. पहिल्याचे 78975, दुसऱ्याचे 72000, बेरीज 150975. आता त्रैराशिक, जे भारतातूनच याच वाटेने गेलं: 100 ला 78975 ने गुणा आणि 150975 ने भागा. 52 लिरा येतात आणि 46800 बाकी उरते. एका लिराचे 20 सोल्दी, म्हणून बाकीला 20 ने गुणून पुन्हा भागा: 6 सोल्दी. एका सोल्दोचे 12 देनारी, म्हणून उरलेल्या बाकीला 12 ने गुणून भागा: 2 देनारी आणि वर थोडा अपूर्णांक.

पाटावरही हे उत्तर येतं, आणि हुशार कारकून ते कागदावर करणाऱ्यापेक्षा लवकरही काढेल. पण 72000 मांडायला घेताना 78975 च्या सोंगट्या उचलाव्या लागतात, नाहीतर ते कुठेतरी टिपून ठेवावे लागतात. दुसऱ्या दिवशी भागीदार येऊन म्हणाला, मला कमी मिळाले, दाखव कसं काढलंस, तर पाटावाल्याकडे दाखवायला फक्त शेवटचा आकडा असतो. कागदावाला दोन्ही गुणाकार, बेरीज, तिन्ही बाक्या, सगळं पुढे ठेवतो. ज्याला हिशेब येतो असा तिसराच माणूस ते तपासू शकतो, आणि मालक दुसऱ्या शहरात बसून तपासू शकतो. शून्याने वेग वाढवला हे बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. मला वाटतं खरा लाभ या तपासणीचा होता.

ताळा घेण्याची, म्हणजे उत्तर तपासायची, रीतही सोबत गेली: संख्येतल्या अंकांची बेरीज करायची आणि तिला 9 ने भागून उरणारी बाकी पाहायची. 325 च्या अंकांची बेरीज 10, म्हणजे 1. 243 ची 9, म्हणजे 0. गुणाकार 0 यायला हवा, आणि 78975 ची बेरीज 36, म्हणजे 0. जुळलं. पण हा ताळा फसतो. दोन अंकांची अदलाबदल होऊन 79875 लिहिलं गेलं तरी बेरीज तीच. शिवाय 243 ला 9 ने भाग जातो, त्यामुळे 325 ऐवजी चुकून 352 घेतले असते तरी ताळा जुळलाच असता. म्हणून लिओनार्दो 7, 11 आणि 13 चेही ताळे वापरतो. अकराचा ताळा उजवीकडून आलटून पालटून अधिक-उणे करून घ्यायचा: 325 चे 6, 243 चा 1, गुणाकार 6. 78975 चेही 6 येतात. 79875 चे मात्र 4 येतात, आणि अदलाबदल पकडली जाते.

एवढं असूनही स्वीकार सावकाश झाला. 1299 मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या श्रेणीने आपल्या सभासदांना हिशेबाच्या वहीत हे अंक वापरायला मनाई केली, रकमा अक्षरांत लिहायला सांगितल्या. हा अडाणीपणा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. जुन्या रोमन आकड्यांत शेवटची उभी रेघ खाली लांबवून ओढायची सोय होती, म्हणजे पुढे कुणी काही जोडू शकत नसे. नव्या पद्धतीत शेवटी एक शून्य वाढवलं की रक्कम दहापट, आणि शून्याला शेपूट काढलं की 6 किंवा 9. ही भीती खरी होती. तिच्यावरचा उपाय आपण आजही करतो: पावतीवर आकड्यांत रक्कम आणि खाली ‘अक्षरी रुपये’ अमुक ‘फक्त’.

मग कच्च्या हिशेबात नवे अंक आणि पक्क्या वहीत जुने, अशी दुहेरी व्यवस्था बरीच वर्षं चालली. यातून एक मोठा गैरसमज दूर होतो. दुहेरी नोंदीची जमाखर्च पद्धत शून्यामुळे जन्मली असं म्हणतात, पण जिनोआ नगराच्या 1340 च्या दुहेरी नोंदीच्या वह्या रोमन आकड्यांत आहेत. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाढल्या आणि नंतर एकत्र आल्या. 1494 मध्ये व्हेनिसला छापलेल्या लुका पाचोलीच्या ग्रंथात अंकगणित आणि जमाखर्च एकाच बांधणीत भेटतात.

त्यांना एकत्र आणलं ते शाळांनी. इतिवृत्तकार विल्लानीने 1338 च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये व्यापारी गणिताच्या सहा शाळा आणि त्यांत हजार ते बाराशे मुलं असल्याची नोंद केली आहे. तेराव्या शतकात इटलीतल्याच फाब्रियानो गावचा कागद मिळू लागला होता, त्यामुळे कच्च्या हिशेबाला जागा होती. श्रेणीची बंदी उठवायला कुणी झगडलं नाही. या शाळांतून शिकलेली मुलं पुढे दुकानांत आणि पेढ्यांवर बसली, आणि त्यांना जुने आकडे परके वाटू लागले. आल्प्सपलीकडे आणखी वेळ लागला. जर्मनीत आडाम रीस 1522 मध्ये अजून दोन्ही शिकवत होता, रेघांच्या पाटावर आणि लेखणीनेही.

एक मर्यादा वरच्या उदाहरणातच दिसली असेल. लिरापर्यंत हिशेब दशमान होता, त्याखाली 20 आणि 12. प्रत्येक बाकीसाठी वेगळा गुणाकार करावा लागला. स्थानमूल्य पूर्णांकांपाशी थांबलं होतं. आपल्या मोडी वह्यांतही तेच आहे. रुपये स्थानमूल्याने लिहिलेले असतात आणि त्यापुढे पाव, अर्धा, पाऊण यांच्या उभ्या रेघा: एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. त्या रेघा नाणेघाटच्या चिन्हांच्या जातीच्या आहेत, त्यांची किंमत जागेवरून ठरत नाही. म्हणून मुलांना पावकी, निमकी, पाउणकी पाठ करावी लागे. अल-उक्लिदिसीच्या त्या ग्रंथात दशांश अपूर्णांक आहेत, पण रुपयाच्या खाली दशमान यायला 1 एप्रिल 1957 उजाडला, जेव्हा सोळा आण्यांच्या जागी शंभर नवे पैसे आले. मोडी खतावणी वाचायला बसलात तर आधी त्या रेघा ओळखायला शिका. तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात, आणि रेघ एक की दोन हे शाई फिकट झाल्यावर फक्त बेरजेचा ताळा घेऊनच ठरवता येतं.